संख्या दिसली की द्विगू? ही ट्रिक मुलांचे गुण खाते आहे

गेल्या काही दिवसांत तीन ओळींची एक इमेज माझ्याकडे चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आली. ‘पहिलं पद संख्या असेल तर द्विगू. पहिलं पद उपसर्ग असेल तर अव्ययीभाव. पहिलं पद रंग, गुण किंवा महा असेल तर कर्मधारय.’ खाली लिहिलंय, ‘एवढं पाठ करा, समासाचे गुण पक्के.’ आणि त्याखाली क्लासचा मोबाईल नंबर.

यातलं एकही वाक्य पूर्ण खोटं नाही, म्हणूनच ही इमेज धोकादायक आहे. नवरात्र द्विगू आहे, प्रतिदिन अव्ययीभाव आहे, महादेव कर्मधारय आहे. सरावाला घेतलेल्या दहा शब्दांत आठ बरोबर येतात, मुलगा खूश होतो, क्लासला पाच स्टार देतो. पण पेपर काढणारा माणूस ते आठ शब्द विचारत नाही. त्याला चार पर्याय भरायचे असतात, आणि चुकीचे तीन पर्याय बरोबर उत्तरासारखेच दिसले पाहिजेत हे त्याचं कामच असतं. म्हणजे ट्रिक जिथे फसते नेमके तेच शब्द तो उचलतो.

हा साधा प्रश्न बघा. नमुन्यासाठी मीच केलाय. ‘पुढीलपैकी द्विगू समासाचे उदाहरण ओळखा : १) दशानन २) चतुर्भुज ३) नवरात्र ४) त्रिलोचन.’ चारही शब्दांच्या सुरुवातीला संख्या आहे. इमेजवाल्या ट्रिकने चारही द्विगू. मुलगा घाबरतो, पहिल्यावरच टिक करतो आणि पुढे जातो. जिथे चुकीच्या उत्तराला प्रश्नाचे २५ टक्के गुण कापतात तिथे त्याचे नुसते मिळणारे गुण गेले नाहीत, आधीच्या प्रश्नाचे मिळवलेलेही थोडे गेले.

आता विग्रह करा. पण जरा थांबा. क्लासमध्ये विग्रह हासुद्धा पाठांतराचा ऐवज झाला आहे. ‘चा समूह’ लावला की द्विगू, ‘असा’ लावला की कर्मधारय, ‘प्रत्येक’ लावला की अव्ययीभाव. शेपूट चिकटवायचं, झालं. असा विग्रह काहीच सिद्ध करत नाही, कारण शेपूट कुठेही चिकटतं. दशाननाचा विग्रह ‘दहा आननांचा म्हणजे तोंडांचा समूह’ असा करायला व्याकरणाची काय हरकत आहे? शब्द बरोबर, विभक्ती बरोबर, शेपूटही बरोबर. चूक कळते ती एकाच ठिकाणी : तो विग्रह शब्दाच्या जागी वाक्यात ठेवून बघितला की.

‘दशानन रागावला.’ आता ठेवा : ‘दहा तोंडांचा समूह रागावला.’ हसू आलं ना? तेच उत्तर. रागावला तो रावण. तोंडं त्याची आहेत, पण शब्दाचा अर्थ तोंडं नाही, ती तोंडं असलेला माणूस आहे. म्हणून विग्रह ‘दहा आनने आहेत ज्याला असा तो’, आणि समास बहुव्रीही. त्रिलोचन तसाच, तीन डोळे असलेला शंकर. चतुर्भुज तसाच. मराठीत तर लग्न झालेल्या माणसाला आपण ‘चतुर्भुज झाला’ म्हणतो आणि वर्तमानपत्रं पकडलेल्या चोराला चतुर्भुज करतात. दोन्हीकडे चार हातवाला झाला तो माणूस. चार हातांचा ढीग कोणी झालं नाही.

आणि नवरात्र? ‘नवरात्र संपलं.’ ठेवा : ‘नऊ रात्रींचा समूह संपला.’ बोलायला जड आहे, पण अर्थ तोच राहिला. नवरात्र म्हणजे त्या नऊ रात्रीच, एकत्र धरलेल्या. नऊ रात्री असलेली दुसरी कुठली वस्तू किंवा व्यक्ती नव्हे. क्रियापदही बघा. ‘संपलं’, एकवचन. रात्री नऊ असल्या तरी गाठोडं एक. द्विगूचं हेच लक्षण आहे आणि ते वाक्यात आल्याशिवाय दिसत नाही.

तर मी ज्याला विग्रह म्हणतो तो असा. शब्द घ्यायचा, तो रोजच्या बोलण्यात जसा येतो तसं चार-पाच शब्दांचं वाक्य करायचं, विग्रह शब्दाच्या जागी ठेवायचा आणि वाक्याचा अर्थ तोच राहिला का ते बघायचं. अर्थ सरकला तर विग्रह चूक, मग शेपूट कितीही सुबक असो. याला परीक्षेत पंधरा सेकंद लागतात. सुरुवातीला मिनिट लागतं, हेही खरं.

उपसर्गाच्या ट्रिकची स्थिती याहून वाईट आहे. आ, प्रति, यथा, बे, बिन, दर दिसले की अव्ययीभाव. ठीक. मग ‘प्रतिबिंब’ काय? ‘बेघर’ काय? ‘आजानुबाहू’ काय?

अव्ययीभावाचं नावच सांगतं की इथे सगळा शब्द अव्यय होऊन बसतो. म्हणजे तो वाक्यात क्रियेबद्दल काहीतरी सांगतो : कधी, कुठे, कसं, कुठवर. ‘तो प्रतिदिन येतो.’ ‘तो प्रत्येक दिवशी येतो.’ अर्थ जुळला, आणि शब्द ‘कधी’चं उत्तर देतोय. जोर कशावर आहे? दिवसावर नाही, ‘प्रत्येक’वर. पहिलं पद प्रधान म्हणतात ते हेच. आता ‘पाण्यात प्रतिबिंब हललं.’ इथे ‘प्रत्येक बिंब हललं’ म्हणून बघा. अर्थ पार बदलला. शिवाय प्रतिबिंब वाक्याचा कर्ता आहे, त्याला अनेकवचन होतं, ‘प्रतिबिंबाला’ म्हणता येतं. ‘प्रतिदिन हलला’ किंवा ‘प्रतिदिनाला’ म्हणून बघा, कान लगेच नकार देईल. सुरुवात सारखी असली तरी दोन शब्दांची कामं वेगळी आहेत.

बे- तर दोन्ही डगरींवर हात ठेवून आहे. ‘तो बेशक येईल’ यात बेशक म्हणजे शंकेशिवाय, येण्याबद्दल सांगणारा, अव्ययीभाव. पण ‘बेघरांना घरं द्या’ या मागणीतला बेघर म्हणजे माणूस. त्याला अनेकवचन झालं, ‘ना’ लागलं. विग्रह ‘घर नाही ज्याला असा तो’. समास बहुव्रीही. बेइमान तसाच. मोर्चातली घोषणा आठवा, लगेच कळतं की हा शब्द क्रियेबद्दल नाही, माणसांबद्दल आहे. आजानुबाहूत आ आहे, गुडघ्यापर्यंत हा अर्थही आहे, पण सगळा शब्द म्हणजे गुडघ्यापर्यंत बाहू असलेला माणूस. आतला ‘आजानु’ अव्ययीभाव, बाहेरचा अख्खा शब्द बहुव्रीही. प्रश्न अख्ख्या शब्दाचा असतो.

उलट बाजूने बघा. उपसर्ग मुळीच नाही आणि तरी अव्ययीभाव, असे शब्द तर आपल्या रोजच्या तोंडात आहेत. घरोघर, गावोगाव, जागोजागी, पदोपदी, गल्लोगल्ली. इमेजवाल्या ट्रिकला हे सापडतच नाहीत. एका मुलीने मला विचारलं होतं, ‘सर, घरोघर म्हणजे घर आणि घर, मग द्वंद्व का नाही?’ प्रश्न चांगला आहे. उत्तर पुन्हा वाक्यातच. ‘कार्यकर्ते घरोघर फिरले.’ ‘घर आणि घर फिरले’ म्हटलं तर दोन घरं झाली. ‘प्रत्येक घरी फिरले’ म्हटलं तर जुळलं. कुठे फिरले, याचं उत्तर आहे. अव्ययीभाव.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण हुशार मुलं इथे अडतात. पुस्तकात लिहिलेलं असतं की अव्ययाला विकार होत नाही. मग ‘दररोजचं रडगाणं’, ‘घरोघरची कहाणी’ यात ‘चं’ आणि ‘ची’ कसे लागले? म्हणजे हे अव्यय नाहीत का? आहेत. मराठीत काळ आणि जागा सांगणाऱ्या अव्ययांना ‘चा’ बेलाशक लागतो. आजचा, कालचा, वरचा, खालचा. तेव्हा ‘चा’वरून निकाल देऊ नका. ‘ला’ आणि ‘ने’ लागतो का, अनेकवचन होतं का, शब्द वाक्याचा कर्ता होऊ शकतो का, हे बघा. ‘आमरण उपोषण’ यात आमरण हा शब्द नामाच्या आधी येऊन विशेषणासारखा दिसतो. तिथेही ‘आमरणांना’ होत नाही आणि विग्रह ‘मरेपर्यंत’ हाच बसतो.

आता कर्मधारय. इथे ट्रिक म्हणते रंग, गुण, महा. महादेव म्हणजे महान असा देव, बरोबर. महाबाहू? ‘महाबाहू रणात उतरला.’ मोठे असे हात रणात उतरले? नाही, ते हात असलेला योद्धा उतरला. पुन्हा बहुव्रीही. बहुव्रीही हा शब्दच बघा ना : बहु म्हणजे पुष्कळ, व्रीही म्हणजे भात. पुष्कळ भात आहे ज्याच्याकडे असा तो. जुन्या व्याकरणकारांनी समासाचं नाव म्हणून त्याच समासाचा नमुना ठेवला. द्विगूतही द्वि ही संख्या आणि गो म्हणजे गाय आहे. नावातच उदाहरण दिलंय आणि आम्ही मुलांना नावाचा अर्थ न सांगता नंबरांची यादी पाठ करायला लावतो.

कर्मधारयात दोन्ही पदं एकाच वस्तूबद्दल बोलतात. नीलकमल : जे निळं आहे तेच कमळ आहे. विद्याधन : जी विद्या तेच धन. म्हणून विग्रहात ‘असे’, ‘हेच’, ‘सारखे’ येतं आणि दोन्ही पदं एकाच विभक्तीत राहतात. राजपुत्रात असं होत नाही. राजा आणि पुत्र दोन वेगळी माणसं, मध्ये ‘चा’ हवा, म्हणून तो विभक्ती तत्पुरुष. एवढं कळलं की कर्मधारयाची अर्धी भीती जाते. कांदेपोहे, साखरभात, पुरणपोळी हे वेगळं प्रकरण. तिथे ‘घालून केलेला’, ‘भरून केलेली’ असं मधलं काहीतरी गळलेलं असतं, म्हणून मध्यमपदलोपी. साखर हाच भात नव्हे, हे सांगायला व्याकरण लागत नाही, जीभ पुरते.

इथपर्यंत दोष क्लासवाल्यांचा. यापुढचा पेपर काढणाऱ्यांचा, आणि ही पोस्ट खरं म्हणजे त्यासाठी आहे.

‘पीतांबर’ या शब्दाचा समास ओळखा. पर्याय : कर्मधारय, बहुव्रीही, द्विगू, अव्ययीभाव. करा टिक.

‘देवाला पीतांबर नेसवला.’ इथे पीतांबर म्हणजे वस्त्र. पिवळे असे अंबर. कर्मधारय. ‘पीतांबर गरुडावर बसून आला.’ इथे पीतांबर म्हणजे विष्णू. पिवळे आहे अंबर ज्याचे असा तो. बहुव्रीही. दोन्ही वाक्यं शुद्ध मराठी आहेत आणि दोन्ही उत्तरं शंभर टक्के बरोबर आहेत. बाजारातल्या नोट्समध्ये हा शब्द कुठे एका यादीत आहे, कुठे दुसऱ्या, आणि त्यात नोट्सवाल्यांचा दोष नाही. वाक्याशिवाय या शब्दाला समासच नाही, म्हणजे एक ठरलेला समास नाही. नीलकंठाचंही तेच. शंकर म्हटलं की बहुव्रीही, कुणाचा निळा पडलेला गळा म्हटलं की कर्मधारय. शंकराचा अर्थ इतका रूढ आहे की निदान तिथे मुलं वाचतात. पीतांबरात वाचत नाहीत, कारण मराठी घरात पीतांबर हे सोवळ्याचं वस्त्र आधी असतं आणि विष्णूचं नाव नंतर.

मग ज्या प्रश्नाचं उत्तर शब्दात नाही, वाक्यात आहे, तो प्रश्न वाक्य काढून टाकून विचारायचा आणि वर एकच उत्तर बरोबर धरायचं, ही कसली चाचणी? इथे मुलाचं व्याकरण तपासलं जात नाही. पेपर काढणाऱ्याच्या टेबलावर कोणतं पुस्तक उघडं होतं, याचा अंदाज बांधता येतो का, ते तपासलं जातं. ज्याने विग्रह नीट समजून घेतला त्याला दोन उत्तरं दिसतात आणि तो अडकतो. ज्याने एकच यादी पाठ केली तो डोळे मिटून टिक करतो आणि अर्ध्या वेळा जिंकतो. शिकलेल्याला शिक्षा देणारा प्रश्न आहे हा.

दुसरा प्रकार याहून गमतीचा आहे. ‘पंचवटी : १) तत्पुरुष २) द्विगू ३) कर्मधारय ४) बहुव्रीही.’ आपल्या शालेय पुस्तकांत तत्पुरुषाच्या पोटात कर्मधारय आणि द्विगू हे दोन्ही येतात. पाणिनीनेही द्विगूला तत्पुरुषातच घातलं आहे. शिवाय मराठीतली रूढ व्याख्या अशी चालते की कर्मधारयात पहिलं पद संख्याविशेषण असलं आणि शब्दातून समूह कळला की तो द्विगू. मग पंचवटी द्विगू आहे, म्हणून कर्मधारय आहे, म्हणून तत्पुरुष आहे. चारपैकी तीन पर्याय बरोबर! ‘नाशिक कुठे आहे : १) भारत २) महाराष्ट्र ३) नाशिक जिल्हा ४) केरळ’ असा प्रश्न भूगोलाच्या पेपरात आला तर आपण गोंधळ घालू. व्याकरणात आला की गप्प बसतो, कारण वाटतं आपलंच काहीतरी चुकलं असेल.

असा प्रश्न आला तर काय करायचं, तेही सांगतो, उगाच नुसता राग काढून काय उपयोग. सगळ्यात आतलं नाव घ्यायचं. द्विगू पर्यायात असेल तर द्विगू. नसेल आणि कर्मधारय असेल तर कर्मधारय. तोही नसेल तर तत्पुरुष. पेपर काढणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा हेच असतं. पण हा उपाय प्रश्न बरोबर ठरवत नाही, फक्त तुमचे गुण वाचवतो.

पंचवटीबद्दल आणखी एक. नाशिकला जाऊन ‘मी पंचवटीत उतरलो’ म्हणणारा माणूस पाच वडांच्या समूहात उतरलेला नसतो, लॉजवर उतरलेला असतो. म्हणजे माझीच कसोटी लावली तर अर्थ सरकला. मग ‘पाच वड आहेत जिथे असे ते ठिकाण’ म्हणून बहुव्रीही का नको? हा आक्षेप मला एका मुलाने घेतला आणि मला तो आवडला. उत्तर शब्दाच्या घडणीत आहे. वट पुल्लिंगी, आणि पंचवटी मात्र ईकारान्त स्त्रीलिंगी. संस्कृतात संख्या पुढे ठेवून समूह दाखवताना अकारान्त शब्दाला असा ई लागतो, त्रिलोकी तसाच बनतो. तो ई सांगतो की शब्द जन्मला तेव्हा समूहाचाच होता, ठिकाणाचं नाव नंतर झाला. गावांच्या नावांना आजच्या वाक्यातली कसोटी एवढ्यासाठी पूर्ण लागत नाही. विशेषनाम आलं की शब्द कसा बनला तिकडे बघावं लागतं. ही कसोटीची मर्यादा आहे आणि ती मुलांना सांगायला हवी.

अशीच मर्यादा एकवचनाच्या नियमाची. द्विगू नेहमी एकवचनी, असं आपण शिकवतो. मग ‘पंचप्राण कंठाशी आले’ यात ‘आले’ का? ‘सप्तर्षी दिसले’ यात ‘दिसले’ का? संख्या पुढे आहे, दुसरं कुणी सुचत नाही म्हणून बहुव्रीही नाही, पण गाठोडंही बांधलेलं नाही. पाच प्राण सुटे सुटे मोजलेत. संस्कृत परंपरा सप्तर्षीला समूहाचा द्विगू न मानता नाव म्हणून रूढ झालेला निराळा तत्पुरुष मानते. आणि आमचा लाडका बारभाई? पुस्तकात तो द्विगूचा नमुना. म्हणीत ‘बारभाईची शेती’, एकवचन. इतिहासात ‘बारभाईंचं कारस्थान’, अनेकवचन. एकच शब्द दोन्हीकडे. मराठी अशी वागते. त्याला इलाज नाही, पण असे शब्द चार पर्यायांच्या पिंजऱ्यात घालू नयेत, एवढं तरी कळायला हवं. पेपर काढणाऱ्याला नवरात्र, सप्ताह, त्रिभुवन मिळत नाहीत का?

‘त्रिकोण’ विचारणाऱ्यांनाही हेच विचारायचंय. ‘वहीत त्रिकोण काढ’ म्हटल्यावर पोरगं तीन कोनांचा समूह काढत नाही, तीन कोन असलेली आकृती काढतं. मला विचाराल तर बहुव्रीही. तुमच्या उत्तरतालिकेत द्विगू असेल तर विग्रह लिहून दाखवा.

माझी मागणी एवढ्यावरच येते. उत्तरतालिका येते तेव्हा तिच्यात फक्त पर्यायाचा आकडा असतो. समासाच्या प्रश्नापुढे आकड्याबरोबर विग्रह छापा. एक ओळ. ‘दहा आनने आहेत ज्याला असा तो’, बस. ज्याला ही ओळ लिहायची आहे तो प्रश्न काढतानाच दहा वेळा विचार करील, आणि ज्या शब्दाचे दोन विग्रह होतात तो त्याच्या हातून आपोआप गळेल. प्रश्नातला शब्द वाक्यात अधोरेखित करून द्या, ‘देवाला पीतांबर नेसवला’ एवढं वाक्य दिलं तर किती शाई लागते? आणि पर्याय एकाच पातळीवरचे ठेवा. चार मुख्य समास तरी द्या, नाहीतर तत्पुरुषाचे चार पोटप्रकार द्या. खिचडी नको.

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं : ‘अहो, शंभर प्रश्नांत समासाचा एखाददुसरा प्रश्न. सोडून द्या.’ तलाठी भरतीत एका प्रश्नाला दोन गुण होते. एकाच गुणावर किती जण उभे असतात ते निवड यादी खाली सरकवत बघा. आणि जो वरून खाली यादी बघतो त्याला ते दिसत नाही, खालून वर बघणाऱ्याला दिसतं.

दुसरं उत्तर : ‘हरकत असेल तर आक्षेप नोंदवा ना, सोय आहे.’ आहे, मान्य. पण मुलांचे आक्षेप मी वाचलेत. ‘अमुक क्लासच्या पुस्तकात पान इतक्यावर वेगळं उत्तर आहे.’ समोरच्याकडे दुसरं पुस्तक असतं, विषय संपला. पुस्तकावर पुस्तक फेकून काही होत नाही. आक्षेप विग्रहाने घ्या. कसा, ते इथे लिहून ठेवतो, उचलून वापरा :

‘प्रश्नात पीतांबर हा शब्द वाक्याशिवाय दिला आहे. “देवाला पीतांबर नेसवला” या वाक्यात विग्रह “पिवळे असे अंबर” असा होतो, म्हणून कर्मधारय. “पीतांबर गरुडावर बसून आला” या वाक्यात विग्रह “पिवळे आहे अंबर ज्याचे असा तो” असा होतो, म्हणून बहुव्रीही. दोन्ही पर्याय प्रश्नात दिलेले आहेत आणि दोन्हींपैकी कोणता अर्थ घ्यायचा हे प्रश्नात सांगितलेले नाही. म्हणून दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत किंवा प्रश्न रद्द करावा.’

पाच वाक्यं. यात कुणाच्या पुस्तकाचं नाव नाही, आणि खोडायचं असेल तर समोरच्याला दोनपैकी एक वाक्य मराठी नाही हे दाखवावं लागेल.

खाली कॉमेंटमध्ये तुमचे अडलेले शब्द टाका, जमतील तेवढ्यांना उत्तर देईन. पण नुसता शब्द टाकू नका, तो ज्या वाक्यात आलाय ते वाक्य टाका. वाक्य नसेल तर मीही सांगू शकणार नाही.